मोकळ्या कुलपापाशी चौघं

अश्वजित मेंढे हा माझा कॉलेजातला सोबती. वय बावन्न, लग्न केलं नाही, कंबर बिघडलेली, डोकं मात्र शाबूत. पंचवीस वर्षं बंगळुरूला यंत्रांच्या आतले प्रोग्राम लिहिले. मग आई आजारी पडली म्हणून समुद्रपूरला परत आला आणि पुण्याच्या एका लहानशा कंपनीचं काम घरी बसून करू लागला. आई, कमलाबाई, दोन वर्षांपूर्वी गेली. तो तिथेच राहिला. काऊन राह्यला म्हणून विचारलं तर म्हणतो, ‘‘जाऊ कुठं?’’

मी वर्ध्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात संगणकाची रचना शिकवतो, म्हणजे ज्यांना झोप येत नाही त्यांची सोय करतो. समुद्रपूर माझ्यापासून एसटीनं दीड-दोन तासांवर. तरी गेल्या महिन्यात मी गेलो ते अकरा महिन्यांनी, आणि तेही त्यानं बोलावलं म्हणून. अश्वजितनं कुणाला बोलावणं हीच नवलाची गोष्ट, त्यामुळे निघालो.

त्यानं चहा केला, दोन कप शोधायला त्याला वेळ लागला, आणि मग जे झालं ते सांगितलं.

त्याची कंपनी कारखान्यांतल्या मशिनांवर लक्ष ठेवणारे बोर्ड बनवते. एका बोर्डात एकाच चिपमध्ये चार प्रोसेसर, आणि चौघांची मेमरी एकच. मशीन किती तापलं, किती थरथरलं, हे चौघंही एकाच यादीत लिहितात. दोघांनी एकदम लिहिलं तर यादीचा चिवडा होतो. म्हणून यादीला कुलूप. हे कुलूप म्हणजे मेमरीतला एक आकडा: शून्य असेल तर मोकळं, एक असेल तर कुणीतरी आत आहे.

जुन्या चिपवर हे एका सूचनेत व्हायचं. आकडा वाच आणि त्याच दमात तिथे एक लिही, मध्ये कुणी शिरणार नाही याची हमी चिपची. हाती शून्य आलं तर कुलूप तुझं. एक आला तर पुन्हा विचार. नव्या चिपवर ही सूचना नाही, तिच्याऐवजी जोडी आहे. पहिली सूचना आकडा वाचते आणि त्या जागेवर नजर ठेवते. दुसरी तिथे लिहिते, पण मध्ये दुसऱ्या कुणी त्या जागेत काही लिहिलं नसेल तरच. लिहिलं असेल तर ती नाही म्हणते, आणि पुन्हा पहिल्यापासून. मी हे दर वर्षी फळ्यावर लिहितो. अश्वजितनं ते चार वर्षांपूर्वी, दोन प्रोसेसरच्या बोर्डासाठी, खरोखर लिहिलं होतं, आणि तेव्हापासून त्याच्या त्या चाळीस ओळींना कुणी हात लावला नव्हता. त्याचा त्याला अभिमान होता. दुसरं होतं काय त्याच्यापाशी?

पाऊस संपल्यावर नवे बोर्ड आले, चार प्रोसेसरवाले. आधीचे दोनवाले होते. नवे बोर्ड दिवसातून एकदा-दोनदा जागच्या जागी थिजू लागले. पुण्यात कंपनीच्या प्रमुख मंजुषा मॅडमनं ते शोधायचं काम रोशनला दिलं.

रोशन आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचा, एकोणतीस वर्षांचा, कंपनीत नवा, अजून कायम न झालेला. कुलूप अश्वजितनं लिहिलंय म्हणून त्यानं फोन लावला. पहिल्या दोन मिनिटांत दोघांनी एकमेकांची बोली ओळखली, आणि मग पुण्याची मराठी गेली बाजूला.

‘‘दादा, तुमी समुद्रपूरचे? सांगायचं ना मंग! मी इथं वर्षभर ‘करतोय-जातोय’ करून करून थकलो.’’

तेव्हापासून रोज सायंकाळी सहाला फोन. अर्धा तास कुलूप आणि पाऊण तास बाकीचं. रोशनच्या आईनं पाटवड्या पाठवल्या आणि त्या कुरिअरमध्ये फुटल्या. पुण्यात अंबाडीची भाजी मागितली तर भाजीवाली तोंडाकडे पाहते. दादा, जेवले का? काय केलं? नुसती खिचडी? काऊन? अश्वजितला कुणी ‘काय केलं जेवायला’ हे कमलाबाई गेल्यापासून विचारलं नव्हतं. मीही नाही.

तीन आठवडे असे गेले. अश्वजित मला म्हणाला, ‘‘पाच वाजले की मी दाढी करून राह्यलो होतो बे. फोनवर कोण पाह्यते दाढी?’’

रोशन चांगला शोधक होता. त्यानं पाहिलं की बोर्ड थिजतो तेव्हा प्रोसेसर झोपलेले नसतात. चारही पूर्ण जोरात पळत असतात, तापलेले असतात. त्यानं नोंदी लिहायचा कोड घातला, तर बोर्ड थिजणंच बंद! काढला की पुन्हा थिजतो. माणूस वेडा होईल अशी गोष्ट. शेवटी त्यानं चालू बोर्डाला हात न लावता बाहेरून मेमरीचे दोन फोटो, म्हणजे त्या क्षणी कुठल्या जागी कोणता आकडा आहे त्याची नक्कल, घेतले, एका सेकंदाच्या अंतरानं, आणि अश्वजितला पाठवले.

‘‘दादा, पाहा बरं. कुलूप त मोकळंच हाये. शून्य. आतमंदी कोनीच नाई. अन् चारी जन बाहेर उभे राहून मांगून राह्यले. असं कसं?’’

तो मंगळवार होता. दुपारी अश्वजितनं दोन्ही फोटो समोरासमोर ठेवले. कुलपाचा आकडा दोन्हींत शून्य. त्याच्या शेजारचा आकडा मात्र एका सेकंदात लाखांनी वाढलेला. तो शेजारचा आकडा अश्वजितचाच. चार वर्षांपूर्वी त्यानं हौसेनं घातला होता: कुलूप मिळवायचा किती वेळा प्रयत्न हुकला, याची मोजणी. कुणाला किती थांबावं लागतं ते आपल्याला कळावं म्हणून.

आणि त्याला सगळं दिसलं. चिपची नजर एका आकड्यावर नसते, चौसष्ट बाइटच्या पूर्ण तुकड्यावर असते. कुलूप आणि मोजणी एकाच तुकड्यात. पहिला प्रोसेसर कुलूप वाचतो, मोकळं दिसतं. तो लिहायला जाईपर्यंत दुसरा आपल्या हुकलेल्या प्रयत्नाची मोजणी शेजारी लिहितो. तुकड्यात लिहिलं गेलं, म्हणून पहिल्याला नकार. मग पहिला आपल्या हुकल्याची मोजणी लिहितो, आणि त्यामुळे तिसऱ्याला नकार. दोघंच असताना कधीतरी फट मिळायची. चौघं एकदम भिडले की फटच नाही. नोंदी लिहायला लावलं की एखादा मागे रेंगाळायचा, गर्दी फुटायची, कुलूप मिळायचं. बोर्ड कुणी अडवला नव्हता. आपण कितीदा हुकलो हे लिहिण्यातच चौघं एकमेकांना हुकवत होते.

दुरुस्ती दहा मिनिटांची: प्रत्येकाची मोजणी वेगळ्या तुकड्यात, नुसतं वाचून कुलूप मोकळं दिसेल तेव्हाच जोडी वापरायची, आणि हुकलं तर प्रत्येकानं वेगवेगळा वेळ थांबायचं. त्यानं आपल्या टेबलावरच्या बोर्डात ती करूनही पाहिली. बोर्ड थिजला नाही.

सहा वाजता फोन आला.

‘‘काही दिसलं का दादा?’’

‘‘पाहून राह्यलो,’’ अश्वजित म्हणाला. ‘‘उद्या सांगतो.’’

मला हे सांगताना तो खाली बघत होता. चूक आपली निघाली याची लाज होतीच, ती मी समजू शकतो. पण तो म्हणाला, ती दुसरी गोष्ट. पहिली गोष्ट अशी की कुलूप नीट झालं तर सहाचा फोन कशासाठी येणार?

बुधवारी तो म्हणाला, मेमरीचा आणखी एक फोटो पाठवजो. गुरुवारी म्हणाला, चिपच्या घड्याळाचा वेग बदलून पाह्य. रोशननं दोन्ही केलं, इमानदारीनं, आणि दोन्ही दिवस पाऊण तास गप्पा मारल्या. गुरुवारी त्याच्या आवाजात थकवा होता. त्याच्या मुलीला ताप होता आणि तो ऑफिसातच बसून होता. चोराच्या मनात चांदणं. अश्वजितनं त्या संध्याकाळी खिचडीही केली नाही.

शुक्रवारी फोन दुपारी एकला आला.

‘‘दादा, मंजुषा मॅडमनं बोलावलं होतं. कायम करायचं सहा महिने पुढं ढकललं. तीन आठवड्यांत एक बग सापडला नाई म्हनते. बरोबरच हाये त्याईचं.’’ आणि वर, ‘‘तुमी त लई वेळ दिला. तुमचा काही दोष नाई.’’

अश्वजितनं फोन ठेवला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं पाच ओळींचं पत्र तीनदा लिहिलं. मंजुषा मॅडमना पाठवलं, प्रत रोशनला. बिघाड माझ्या ओळीत आहे. तो ज्यावरून सापडला ते दोन्ही फोटो रोशनचे. मला मंगळवारी कळलं होतं, मी शुक्रवारपर्यंत सांगितलं नाही. कारण कामाचं नाही. दुरुस्ती सोबत जोडली आहे.

‘मंगळवार’ लिहायची काही गरज नव्हती. मी त्याला तसं म्हणालोही. हात दाखवून अवलक्षण! तो म्हणाला, ‘‘मंग रोशनले वाटलं असतं का त्याले फोटो वाचता नाई आले म्हनून त्याचं नुकसान झालं. त्याचं नुकसान मी केलं.’’

रोशननं शनिवार-रविवार आठ बोर्ड दुरुस्तीसह चालवले. एकही थिजला नाही. सोमवारी मॅडमनं सहा महिन्यांचा निर्णय मागे घेऊन त्याला कायम केलं. अश्वजितला त्यांनी फक्त इतकं लिहिलं की यापुढे तुमचं काम दुसरं कुणी तपासल्याशिवाय जाणार नाही. त्या चाळीस ओळी आता कुणाच्याही होत्या.

सोमवारी सहाला फोन आला. अश्वजितला वाटलं नव्हतं येईल म्हणून. त्यानं दाढी केली नव्हती.

‘‘दादा, कारन कामाचं नाई म्हनून लिहिलं तुमी. मंग कशाचं होतं?’’

अश्वजित म्हणतो, खोटं सुचतच नव्हतं. त्यानं सांगून टाकलं. काम झालं असतं तर तुझा फोन आला नसता.

मग रोशन म्हणाला, ‘‘पोरगी तापानं फनफनत होती दादा. मी तुमच्यासंगं घड्याळाचा वेग बदलत बसलो होतो.’’ आणि मग, जरा हळू, ‘‘नुसतं ‘फोन करत जाय’ म्हटलं असतं, तरी केला असता मी.’’

त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. अश्वजितनंही केलेला नाही.

चहा केव्हाच संपला होता. साडेपाचची एसटी पकडायची म्हणून मी दोनदा घड्याळ पाहिलं होतं, आणि ते त्यानं पाहिलं होतं.

‘‘मले खरंच माहीत नव्हतं बे,’’ तो म्हणाला, ‘‘का असं म्हनता येते म्हनून.’’

मग त्यानं घसा खाकरला, समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि शाळेतल्या पोरानं पाठ केलेलं म्हणावं तसं मला म्हणाला, ‘‘आजच्या दिवस राह्य ना. उद्या जाजो.’’