एकाच माणसाला चार वेळा मोजलं

पंधरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केल्यावर कंपनीने माणसं कमी केली, त्या रिडंडन्सीत माझी नोकरी गेली आणि त्याच सप्टेंबरात मुलगी युनिव्हर्सिटीत शिकायला स्कॉटलंडला गेली. नवरा आणि मी आधीच वेगळे झालो होतो. लंडनजवळच्या मेडनहेडच्या घरात मी एकटीच उरले. पहिल्या महिन्यात एकदा कुरिअरवाल्याला 'थँक यू' म्हणाले तर आवाज घोगरा निघाला. तेव्हा लक्षात आलं, आदल्या संध्याकाळपासून मी एक शब्दही बोलले नव्हते.

कॅफेची कल्पना इथल्या मराठी लोकांच्या गणपतीच्या कार्यक्रमात सुचली. आरतीनंतरच्या खाण्याला मी मिसळ केली होती. सगळे म्हणाले, "तू मिसळ-वडापावचं कॅफे काढच. आम्ही रोज येऊ." स्टेशनपासून थोडं पुढे एक दुकान रिकामं होतं. एजंटच्या कागदावर 'अत्यंत वर्दळीची जागा' असं लिहिलं होतं. माझी सगळी नोकरी लोकांचे दावे तपासण्यात गेलेली. म्हटलं, सही करण्याआधी वर्दळ आपणच मोजून बघू.

हातात धरून दाबायचे, माणसं मोजायचे दोन क्लिकर मागवले, एक दुकानाच्या फुटपाथसाठी, एक समोरच्यासाठी. हाफ टर्मची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यावर मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असे तीन दिवस ठरवले. सकाळी सात ते संध्याकाळी सहा, दर तासाला पंधरा मिनिटं मोजायचं आणि त्यावरून तासाचा अंदाज काढायचा. वहीत रकाने आखले: ऑफिसला जाणारे, बाबागाडीवाले, शाळेची मुलं, वयस्कर, आणि एक खास रकाना 'आपले लोक'. दुकानासमोरच्या बसस्टॉपवर उभी राहून मी सुरुवात केली.

मंगळवारी सकाळीच दावा ढासळला. गर्दी होती, पण ती समोरच्या फुटपाथवरून, मान खाली घालून स्टेशनकडे पळत होती. माझ्या दुकानाकडे वळायला क्रॉसिंगवर थांबावं लागतं, आणि ट्रेन पकडायला निघालेला माणूस कॉफीसाठी दिवा हिरवा व्हायची वाट बघत नाही. 'आपले लोक' या रकान्यात दिवसभरात बोटांवर मोजण्याइतक्या खुणा. रोज येऊ म्हणणारे निम्मे घरून काम करत होते, उरलेले गाडीने जात होते. त्यांचं खोटं नव्हतं, ते फक्त या रस्त्यावरून चालत नव्हते.

मोजणीच्या मधल्या वेळात मी आजूबाजूची कॅफे बघून आले. दहा मिनिटांच्या अंतरात सात होती. प्रत्येकात सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमारास अशी तीनदा गेले. किती टेबलं भरलेली, कोण बसलंय, किती वेळ बसतंय, खुर्च्या कशा, कॉफीचा भाव, टॉयलेट कुठे, संगीत किती मोठं. सातांपैकी पाच लॅपटॉपवाल्यांसाठी, दोन बाबागाडीवाल्या आयांसाठी. एका ठिकाणी मालकीण माझ्या वहीकडे बघत राहिली. मी चोरी करताना सापडल्यासारखी उठले. त्या आठवड्यात मी एकवीस वेळा कॅफेत बसले आणि एकवीस वेळा ऑर्डरपलीकडे कुणाशी बोलले नाही.

गुरुवारी बारीक पाऊस होता. मंगळवारसारखीच आजही एक गोष्ट कळत नव्हती: साडेनऊनंतर माझ्या बाजूच्या फुटपाथवर अचानक वयस्कर माणसं वाढत होती आणि तीनपर्यंत दिसत राहत होती. तेवढ्यात निळ्या रेनकोटातले एक आजोबा शेजारी येऊन बसले.

"नगर कौन्सिलच्या का तुम्ही?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"नाही. कॅफे काढावं म्हणतेय. लोक मोजतेय."

"मला मोजलंत?"

मी वही बघितली. निळा रेनकोट मला आठवत होता. "आज चार वेळा," मी म्हणाले.

ते हसले. "म्हणजे मी एकटाच चार माणसं झालो."

फुटफॉल म्हणजे दारावरून किती वेळा कुणी गेलं तो आकडा, माणसांचा नव्हे. इतकी साधी गोष्ट टेस्टर असून माझ्या डोक्यात आली नव्हती. मी विचारलं, "चार वेळा कुठे जाता?"

"कुठेच नाही. साडेनऊनंतर आमचा म्हाताऱ्यांचा बसचा पास फुकट चालतो, म्हणून त्या वेळी गावात येतो. मग या टोकाला जातो, परत येतो. घरी फार शांत असतं."

"कॅफेत का नाही बसत?"

"त्या उंच स्टुलावर चढता येतं, उतरता येत नाही. दुसरीकडे टॉयलेट खाली तळघरात. आणि गाण्यात काही ऐकू येत नाही. इथे बसलं की बसवाले बिचारे दार उघडतात. त्यांना हात करून जा म्हणावं लागतं."

बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं. आजोबांनी हात केला. मीही केला.

त्यानंतर शनिवार झाला, आणि पुढच्या आठवड्यात आणखी दोन दिवस मी मोजायला गेले. आता नवा रकाना होता: 'हाच चेहरा पुन्हा'. चौकड्यांची ट्रॉली ओढणाऱ्या बाई तीनदा. म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन फिरणारे गृहस्थ तीनदा. सर्जरीतून, म्हणजे डॉक्टरच्या दवाखान्यातून, औषधाची पिशवी घेऊन निघालेली, पण घराच्या दिशेने न वळणारी कितीतरी माणसं. एकूण आकडा माझ्या पहिल्या मोजणीपेक्षा खूप लहान झाला, पण त्यात मला पहिल्यांदा माणसं दिसली. आणि त्या रकान्यात मी स्वतःही बसत होते, हे कबूल करायला आणखी काही दिवस लागले.

मुलीला फोनवर सगळं सांगितलं.

"तुझा आयडिया छान आहे, आई," ती म्हणाली. तिचं मराठी इथलंच. "पण ते लोक एक चहावर दोन तास बसणार. मग?"

प्रश्न बरोबर होता. मुलांना शाळेत सोडून परतणाऱ्या आया, लॅपटॉपवाले, आपले लोक, सगळ्यांना खूश करायचा मोह मी सोडला. सकाळी सातला उघडण्यात अर्थ नव्हता; साडेनऊ ते चार ठरवलं, म्हणजे एका मदतनिसाच्या पगारात भागलं. दुपारी सूप आणि अर्ध्या आकाराची सँडविचेस ठेवली, कारण एकट्या माणसाला पूर्ण सँडविच जात नाही आणि नुसत्या चहावर दुकान चालत नाही. हातांच्या, पाठीच्या खुर्च्या. टॉयलेट त्याच मजल्यावर. संगीत नाही. शनिवारची गर्दी वेगळी, कुटुंबांची होती, म्हणून त्या दिवसापुरता केक वाढवला. एजंटला क्रॉसिंगचे आकडे दाखवले, तेव्हा त्याने भाडं थोडं खाली आणलं आणि मी सही केली. मिसळ फक्त बुधवारी.

उघडल्यावर पहिले काही आठवडे रिकामे गेले. मग ट्रॉलीवाल्या बाई आल्या, त्यांनी कुत्रेवाल्या गृहस्थांना आणलं. रेनकोटवाले आजोबा हिवाळाभर येत राहिले. वसंतात मुलाकडे वेल्सला राहायला गेले. जाताना हात मिळवला, पत्ता काही दिला नाही, मीही मागितला नाही.

एका बुधवारी पंजाबी ड्रेस आणि स्पोर्ट्स शूज घातलेल्या एक नागपूरच्या आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. सून आणि मुलगा दिवसभर कामात, आणि त्या सहा महिन्यांसाठी आलेल्या.

"अहो, इथे नुसतं बसलं तर चालतं का?" त्यांनी चाचरत विचारलं.

"चालतं की. या ना," मी म्हणाले. त्या बसल्या, मिसळ खाल्ली, तर्री कमी आहे असं स्पष्ट सांगितलं.

आता कॅफे चालतं. फार नाही, पण चालतं. चारनंतर मी कप धुते, खुर्च्या सारख्या करते आणि घरी येते. घर तसंच आहे. रविवारी दुकान बंद असतं. तो दिवस अजून लांबच लांब वाटतो. जेवण करून मी नदीकाठी जाते, बोटी बघते आणि अंधार पडायच्या आत परत येते.