डाव्या हाताचं दचकणं

आजवर किती बाळांना न्हाऊ घातलं, असं मुक्ताबाईंना विचारलं तर दर वेळी वेगळा आकडा ऐकायला मिळतो, आणि तो दर वेळी वाढलेलाच असतो. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटांमधून सकाळी सातला त्यांची फेरी सुरू होते. साठी उलटली, तरी पाय लांब करून त्यावर बाळ घेतलं की कंबरदुखी कुठल्या कुठे पळते. बाळाचा गाल चोळला की ते तोंड उघडून त्या बाजूला वळतं, तळव्यात बोट दिलं की मूठ आवळतं. पुस्तकं न वाचता त्यांना हे सगळं ठाऊक होतं. आपल्या हातांचा त्यांना गर्व होता, आणि तो त्यांना शोभायचाही.

राजश्री बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं बाळ सव्वाचार किलोचं. जन्मताना खांदा अडकला होता. आठवड्याने दाखवायला आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, असा राजश्रीच्या आईचा नेम. बाळ दचकलं की त्या म्हणायच्या, "भ्यालंय ते, हात बांधा." मुक्ताबाई जुन्या साडीच्या फडक्यात त्याला गाठोड्यासारखं घट्ट गुंडाळून द्यायच्या. डावा हात जरा निपचित असतो, हे त्यांना कामाच्या पहिल्याच दिवशी, म्हणजे बाळाच्या बाराव्या दिवशी, दिसलं होतं. बाळ डाव्या कुशीवर झोपत असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

अठराव्या दिवशी अंघोळ आटोपताना बादलीचं झाकण फरशीवर आदळलं. बाळाचा उजवा हात झटकन फेकला गेला, बोटं पसरली, आणि हात परत छातीशी आला. डावा जागचा हलला नाही. मुक्ताबाईंना आपलं मालिश आठवलं. मालिशीनंतर दोन्ही हात छातीवर आडवे ओढायची त्यांची जुनी पद्धत. आपणच काही केलं का? त्यांनी झाकण मुद्दाम पुन्हा पाडलं. पुन्हा तेच.

गप्प बसल्या असत्या, तर कुणाला कळलं असतं? नाव राहिलं असतं, घरं राहिली असती. त्यांनी बाळ पुसलं आणि हाक मारली, "राजश्री, ह्येचा डावा हात दचकत न्हाय. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं चल. मी बी येते."

"अजून सव्वा महिना व्हायचा..." राजश्रीच्या आईने सुरू केलं.

"ताई, नेम मोडल्याचं पाप माझ्या नावावर टाका!"

रिक्षात मुक्ताबाईंनी बाळाचा डावा हात आपल्या तळव्यावर अलगद पेलून धरला.

बालरोगतज्ज्ञ डॉ. अंकितांनी आधी फडकं सोडलं. बाळाचा चेहरा आपल्या चेहऱ्यापासून दीड वितीवर धरला, बाळ टक लावून बघू लागलं. मग राजश्रीला पाजायला सांगितलं; ती बोलली, तसं बाळ दूध चोखताना क्षणभर थांबलं. "डोळे, कान, चोखणं, छान आहे," त्या म्हणाल्या. मग बाळाचं डोकं तळहातावर घेऊन किंचित मागे सोडलं आणि लगेच पेललं. उजवा हात उघडला, मिटला. डावा नाही.

"दचकणं म्हणजे भीती नव्हे, मावशी. ती मेंदूची आणि नसांची हजेरी आहे. दोन्ही हात गप्प राहिले असते, तर मला मेंदूची काळजी वाटली असती. एकच गप्प आहे, म्हणजे त्या बाजूचं हाड नाहीतर नस."

गळ्याजवळच्या हाडाचा एक्स-रे नीट आला. मग त्यांनी डाव्या तळव्यात बोट ठेवलं. बाळाने ते घट्ट धरलं. डॉक्टर हसल्या.

मुक्ताबाईंना राहवलं नाही. "मॅडम, मी वढलेत की ओ त्याचे हात. माझ्याच हातनं झालं का?"

"हात निपचित कधी दिसला?"

"पैल्याच दिवशी. हात लावायच्या आदी."

"मग तुमच्याआधीचं आहे. खांदा अडकला तेव्हा मानेतून येणारी नस ताणली गेली. मूठ धरतोय, म्हणजे खालच्या नसा शाबूत आहेत. बहुतेक मुलं काही आठवड्यांत सुधारतात. पण ओढणं आजपासून बंद, आणि घट्ट बांधणंही. बांधलेलं दिसणार कसं?"

मुक्ताबाईंनी मान खाली घातली. साठीनंतर त्या नव्याने शिकल्या: खांदा, कोपर, मनगट हळुवार कसं फिरवायचं आणि काखेत धरून का उचलायचं नाही. दर पंधरवड्याला तपासणी ठरली.

पाचव्या आठवड्यात कोपर जरासं वाकलं. मुक्ताबाई रोज अंघोळीनंतर झाकण पाडायच्या. शेजारीण वैतागली, पण थांबतंय कोण!

नवव्या आठवड्यात एका सकाळी झाकण आदळलं, आणि बाळाचे दोन्ही हात उडाले. डावा जरा उशिराने, थोडा खाली, पण उडाला.

"अगंबाई, भ्यालं लेकरू!" राजश्रीची आई फडकं घेऊन धावली.

मुक्ताबाईंनी फडकं बाजूला ठेवलं. ओल्या हातांनीच डोळे पुसले.

"ऱ्हाऊ द्या, ताई," त्या म्हणाल्या. "दचकू दे त्येला."