आईचं गुपित लेबलावर

दमयंतीबाई संगमनेरच्या शाळेतून निवृत्त झाल्या आणि रीतसर परवाना काढून आईच्या पद्धतीचा साबण विकू लागल्या. लेबलावर सगळे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे होते. त्यांनी तसे लिहिलेही, फक्त एका जागी नुसतं ‘वनस्पती तेल’ टाकलं. आईचा साबण अंगाला मऊ लागायचा तो घाण्याच्या शेंगदाणा तेलामुळे. लहानपणी डोक्यावर पाणी घालताना आईने हे ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणत त्यांच्या कानात सांगितलं होतं. तिच्या हातांचा तो वास त्यांना अजून आठवतो.

प्रदर्शनात मोनिका नावाच्या बाईने वडी उचलून लेबल वाचलं. “मावशी, हे तेल कशाचं? माझ्या मुलीला शेंगदाणे चालत नाहीत, अंगावर गांधी उठतात.”

दमयंतीबाईंनी पटकन वडी परत घेतली. “शेंगदाण्याचंच आहे गं. हा साबण तिला नको.”

मोनिकाने मग शेजारच्या स्टॉलवरून मेणबत्ती घेतली.

घरी येऊन बाईंनी जुनी लेबलं काढली. नव्यावर ‘शेंगदाणा तेल’ ठळक लिहिताना त्यांना रडू आलं, पण हात थांबला नाही.