पत्नीस, उत्तरं तपासल्याबद्दल

काकूंचा तपासायचा रिवाज ठरलेला होता. आधी उत्तरावर पट्टी ठेवायची, ते झाकायचं. मग प्रश्न वाचून मनाशी अंदाज बांधायचा: तास निघतील की वर्षं, हजार निघतील की कोटी. मग गणित पायरीपायरीनं उतरवायचं आणि प्रत्येक पायरीपुढे एकक लिहायचंच. शेवटी पट्टी उचलायची. खालचं उत्तर जुळलं तर बरोबरची खूण, नाहीतर लाल पेनानं एक वाक्य. काकूंच्या त्या एका वाक्याला घरात सगळे टरकून असत.

त्या मुळात सरांच्या वर्गमैत्रीण. सर म्हणजे त्यांचे यजमान. सगळं गाव त्यांना सर म्हणे. दोघं एकाच विभागात खगोलशास्त्र शिकली, आणि गुण काकूंना जास्त होते. कॉलेजात जागा मात्र एकच निघाली. ती सरांना मिळाली. काकूंनी काही वर्षं शाळेत गणित शिकवलं. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि शाळा सुटली ती सुटलीच. सर नोट्स काढत, प्रश्नसंच काढत, आणि जेवणाच्या टेबलावर ते कागद काकूंपुढे येत. "जरा नजर टाक गं," एवढंच ते म्हणत. ती नजर आयुष्यभर पुरली.

काकूंना ते काम आवडे, हे खरं. सरांची चूक सापडली की त्यांचा चेहरा खुले, हेही खरं. एकदा घरी सरांचे सहकारी जेवायला आले होते. पृथ्वीपासून चारशे किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाचा परिभ्रमणकाळ काढायचा प्रश्न सरांनी नवीनच रचला होता. त्रिज्या किलोमीटरमध्ये धरली होती आणि बाकीचे आकडे मीटरच्या हिशोबातले.

"तुमच्या सरांचा उपग्रह बघा," काकू वाढता वाढता म्हणाल्या. "खरा बिचारा दीड तास घेतो. यांचा सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या भागात पृथ्वीला फेरी मारून येतो. पापणी लवायच्या आत! आत बसलेल्याचं काय होत असेल?"

सगळे पोट धरून हसले. सरही हसले. पण पाहुणे गेल्यावर त्यांनी तो कागद काकूंच्या हातून घेतला, नीट घडी केली आणि त्या दिवसापासून कागद टेबलावर येणं कमी होत गेलं. काकूंना कळत होतं. जिभेला हाड नाही हेही त्यांना ठाऊक होतं. पण माफी मागायची कशाची? उपग्रह तर चुकलेलाच होता.

निवृत्तीनंतर सरांनी सोडवलेल्या उदाहरणांचं पुस्तक लिहायला घेतलं. त्याच विभागात नुकत्याच लागलेल्या एक बाई सरांच्या मदतीला येऊ लागल्या. त्यांना सगळे नवी मॅडम म्हणत. हुशार, कामसू, नोकरी अजून कायम व्हायची होती. काकूंनी एकदा चहा ठेवता ठेवता विचारलं, "उत्तरं कधी देताय तपासायला?"

"अगं, त्या प्रोग्रॅम लिहून तपासतात," सर म्हणाले. "सगळी उत्तरं एका झटक्यात. तुला कशाला उगाच त्रास."

"मला कधी त्रास झाला?"

"तसं नव्हे गं."

 काकूंनी कप जरा जोरात ठेवला.

पुस्तक आलं. कॉलेजच्या सभागृहात प्रकाशन झालं आणि सरांनी व्यासपीठावरून प्रस्तावनेतली शेवटची ओळ वाचून दाखवली: 'यातील प्रत्येक उत्तर बारकाईनं तपासणाऱ्या माझ्या पत्नीस मनःपूर्वक धन्यवाद.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, काकू, उभ्या राहा. काकू उभ्या राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "मी यातलं कधी काय तपासलं?"

"आयुष्यभर तपासलंसच की! एकदा तरी छापून यायला नको?"

 छापलेलं आपलं नातं, नाव नाही तरी नातं, काकूंनी दोनदा वाचलं. पुस्तकाची एक प्रत लेकीकडे पाठवली. पान उघडून पट्टी ठेवावी असं त्या दिवशी त्यांना वाटलं नाही.

पुढच्या सत्रात दुसऱ्या एका कॉलेजच्या विभागप्रमुखांचा सरांना फोन आला. सरांना हल्ली कमी ऐकू येई, म्हणून फोन स्पीकरवर असे. काकू आत कप विसळत होत्या.

"सर, आमच्या मुलांनी घोळ काढलाय. शंभर पार्सेकवरचा तारा, दिसण्याची प्रत सात. निरपेक्ष प्रत दोन यायला हवी. पुस्तकात उणे साडेचार आहे. प्रत जितकी कमी तितका तारा तेजस्वी, म्हणजे तारा चारशेपट उजळला की हो! आणि हे एक नाही, प्रकरणभर असंच आहे."

 सर म्हणाले, "तपासणी घरीच झाली होती. हिनं केली. आता हिचंही वय झालं, काय करणार."

"हो का? असू द्या, असू द्या. काकूंना काही बोलू नका."

नळ चालू होता. काकूंनी तो बंद केला आणि ओल्या हातानंच बाहेर आल्या.

"माझं वय झालं?"

सरांनी नजर चुकवली. "अगं, तिची नोकरी कायम व्हायची आहे. तिच्या माथी हे आलं तर तिचं वाटोळं होईल. लेकरं लहान आहेत तिची."

"म्हणून खापर माझ्यावर."

"तुझं काय जाणार आहे?" सर म्हणाले. ते रागानं बोलले नव्हते. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं, आणि काकूंना तेच सर्वात जास्त लागलं. कधीकाळी गुण जास्त होते, ते कुणाच्या लक्षात होते? जायला आधी काही असावं लागतं.

त्या पुस्तक घेऊन बसल्या. पट्टी, कोरे कागद, लाल पेन. दुसऱ्या प्रकरणापर्यंत संताप ओसरला. कामात त्यांचं मन नेहमीच निवे. चुकांची गंमत त्यांना लवकरच कळली. ताऱ्याचं तेज सांगणाऱ्या प्रतीच्या सूत्रात दहाच्या पायाचा लॉग लागतो. प्रोग्रॅममध्ये नुसतं लॉग लिहिलं की यंत्र नैसर्गिक लॉग घेतं, आणि उत्तर दोन पूर्णांक तीन पटीनं फुगतं. पाचाचे साडेअकरा होतात. नव्या मॅडमनी एकदाच चूक केली होती, यंत्रानं ती इमानेइतबारे सगळीकडे पसरवली होती. एका ठिकाणी प्रकाशवर्षाचं अंतर किलोमीटर म्हणून छापलं होतं, पण आकडा मीटरचा होता, म्हणजे हजारपट दूर. सूर्यापासून पृथ्वीच्या चौपट अंतरावरच्या ग्रहाचा परिभ्रमणकाळ आठ आला होता, तो बरोबर, पण पुढे वर्षांऐवजी दिवस. आठ दिवसांत सूर्याभोवती! काकू एकट्याच हसल्या. सांगायला समोर कुणी नव्हतं.

मग तीनशे सव्वीस आलं.

'एक तारा ३२६ प्रकाशवर्षं दूर आहे.' उत्तरात सूत्र बरोबर होतं, लॉग दहाच्या पायाचा होता, आकडेमोड अचूक होती. पण सूत्राला अंतर प्रकाशवर्षांत नव्हे, पार्सेकमध्ये लागतं, आणि तिथे तीनशे सव्वीस तसेच्या तसे घातले होते. दिसण्याची आणि निरपेक्ष प्रत यांतला फरक पाच यायचा तर साडेसातच्या वर आला होता. दिसायला साधं, सज्जन उत्तर. अंदाजातही बसणारं.

काकूंनी पेन खाली ठेवलं. तीनशे सव्वीस हा आकडा कुणी सहज निवडत नाही. एका पार्सेकला तीन पूर्णांक सव्वीस शतांश प्रकाशवर्षं, म्हणून तीनशे सव्वीसचे बरोब्बर शंभर पार्सेक होतात आणि मुलांना लॉग तोंडी काढता येतो. ही युक्ती त्यांचीच. शाळा सुटली त्याच सुमारास सरांच्या नोट्ससाठी हे उदाहरण त्यांनीच रचलं होतं, त्यांनीच सोडवलं होतं, आणि रूपांतर करायचं त्याच विसरल्या होत्या. आपल्याच कागदावर पट्टी ठेवायचं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. इतकी वर्षं इतकी मुलं ते चुकीचं शिकून गेली होती.

त्यांनी चुकांच्या कागदावर तेही उतरवलं. सर्वांत शेवटी, बारीक अक्षरात.

प्रकाशकांच्या कचेरीत चौघं बसली: प्रकाशक, सर, नवी मॅडम आणि काकू. मागे पुस्तकांचे गठ्ठे परत येऊन पडले होते. काकूंनी एकेक चूक समजावली. लॉगचं सांगितलं तेव्हा नव्या मॅडमचा चेहरा उतरला.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "मी एकही उत्तर हातानं करून पाहिलं नाही. आणि काकूंनी यातलं काहीच तपासलेलं नाही, हेही सांगायला हवं."

काकूंना वाटलं, आता खरं बाहेर आलं. सर टेबलाकडे बघत होते. प्रकाशकांनी चष्मा काढला. "म्हणजे सगळ्या चुका त्या प्रोग्रॅमच्या?"

"शेवटची सोडून," नवी मॅडम कागद बघत म्हणाली. ती प्रामाणिक होती, हाच घात झाला. "तीनशे सव्वीसचं मी प्रोग्रॅममध्ये घातलंच नव्हतं. सरांच्या जुन्या नोट्समधून तसंच उचललं."

सरांनी मान वर केली. त्या आकड्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते काकूंच्या ओळखीचं होतं. दुसऱ्याची चूक हाती लागली की माणूस असाच खुलतो.

"ते हिचं," सर म्हणाले. "ते उदाहरण हिनंच रचलंय. तपासलंयही हिनंच."

प्रकाशक मोकळेपणी हसले. "म्हणजे प्रस्तावनेत खोटं काहीच नव्हतं तर!"

सगळे हसले. नवी मॅडमसुद्धा, सुटकेनं. काकूंच्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. त्यांनी ते परत गिळलं. बाकीच्या चुका कुणाच्या होत्या हे त्यानंतर कुणी विचारलं नाही. चहा आला, शुद्धिपत्र किती पानी छापायचं यावर बोलणं सुरू झालं.

"दुसऱ्या आवृत्तीत ती धन्यवादाची ओळ काढा," निघताना काकू म्हणाल्या.

"बरं," प्रकाशक म्हणाले. सरांनी हरकत घेतली नाही.

नवी मॅडम पुढे कायम झाली. दुसरी आवृत्ती आली, शब्द न शब्द काकूंनी तपासलेली, आणि चांगली खपली. सर पुन्हा कागद टेबलावर ठेवू लागले. काकू पट्टी ठेवतात, गणित उतरवतात, चूक असेल तर शेजारी नुसता बरोबर आकडा लिहितात. परवा सरांनी विचारलं, "हल्ली काही लिहीत नाहीस ते? पूर्वी कसं झणझणीत लिहायचीस."

"आकडा वाचता येतोय ना?" काकू म्हणाल्या.

"येतोय."

"मग झालं तर."