भूपेशच्या फोटोतली पाटी

सारंगखेड्यात रतिलालने चाळीस वर्षं मराठी आणि गुजराती पेपर वाटले. आधी पेपरचं नाव, मग तारीख, मग बाकीचं, अशी त्याच्या डोळ्यांची सवय.

शेजारच्या कौसाबाईच्या मुलाने, सिंगापूरला नोकरीला असलेल्या भूपेशने, फोटो पाठवला. म्हातारी मोबाईल घेऊन धावत आली. भूपेश ताटावर बसलेला. ताटाखाली पेपर, मागे भिंतीवर नोटीस.

रतिलालने फोटो मोठा केला. पेपरचं नाव अर्धंच दिसत होतं, पण अक्षरांवर रेघ नव्हती. म्हणजे गुजराती. तरी पेपर काय, सामान गुंडाळूनही परदेशात जातो. म्हणून त्याने नोटीस वाचली. तीही गुजराती. खाली सोसायटीचं नाव, सुरत, आणि तारीख परवाची. नोटीस काही सामान गुंडाळून येत नाही.

त्याने बाजूला जाऊन फोन लावला.

"भूपेश, तू कोठे शे रे?"

 पलीकडून हळूच उत्तर आलं, "काका, सासूबाईंकडे शे. सुट्टीवर येऊन आठ दिवस झाले. मायले सांगू नका, ती टोमणे मारी मारी जीव घेईल."

रतिलाल परतला, तर कौसाबाईने विचारलं, "भिंतवर काय लिखेल शे?"

खोटं वाचून दाखवणं त्याला जमणारं नव्हतं. त्याने नोटीस जशीच्या तशी मराठीत वाचली, फक्त सुरतच्या आधी थांबला. "गाड्या सरळ लावा. जिन्यात चपला काढू नका."

कौसाबाई खूश झाली. "सिंगापूरमा शिस्त भारी शे," ती म्हणाली.