मिरी घातलेलं दूध

खालच्या मजल्यावरची कोमल रोज संध्याकाळी माझ्याकडे पेपर वाचायला यायची. पेपर उघडायचीसुद्धा नाही. माझ्या कपाटातून फिटची गोळी काढायची, पाण्याबरोबर गिळायची आणि पेपर काखेत मारून खाली जायची. लहानपणापासून तिला फिट यायच्या. गोळी चुकली नाही की येत नसत. लग्न ठरवताना तिच्या वडिलांनी हे सासरी सांगितलंच नाही. लग्नानंतर आपोआप जातं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि त्यांना तेवढंच ऐकायचं होतं. असल्या बापांचा मला भारी राग येतो.

सासू, भीमाबाई, बाई लाखात एक. हीच तर पंचाईत. खाष्ट असती तर कोमल कधीतरी फणकारून बोलली तरी असती. गावची शेती गेली, पनवेलमध्ये ब्लॉक आला आणि बाईंच्या हातांना काम उरलं नाही. सगळी माया सुनेवर. त्या थंडीत कोमलला खोकला झाला आणि हळदीचं दूध सुरू झालं. भजनी मंडळात कुणा वैद्यानं सांगितलं होतं, मिरीशिवाय हळद अंगी लागत नाही. मग काय! खलबत्त्यात ताजी मिरी कुटायची, चांगली चमचाभर घालायची आणि ग्लास रिकामा होईपर्यंत समोर उभं राहायचं. खोकला गेला, दूध राहिलं.

हळूहळू कोमल जिन्यात कठडा धरून चालू लागली. एकाचे दोन दिसायचे, जीभ जड व्हायची. तिचा नवरा कल्पेश द्रोणागिरीच्या गोदामात कामाला. तो एकदा सरळच म्हणाला, "तू काय घेतेस का ग?" शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. भीमाबाईंनी निदान केलं, "अशक्तपना हाय," आणि दूध दोन वेळा केलं.

बाजाराचं निमित्त करून मी तिला फिटची गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टर चारुदत्तांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट पाहून कपाळाला आठ्या.

"गोळी जास्त घेता?"

"नाही."

"मग नवीन काय चाललंय खाण्यात?"

दुधाचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या सासूबाईंचं म्हणणं खरं आहे. नुसती हळद खाल्ली तर तिच्यातलं औषधी द्रव्य रक्तात फारसं पोचत नाही. आतडं आणि यकृत त्याचं रूप बदलून त्याला बाहेर काढतात. मिरीतला तिखट अंश ते काम काही वेळ मंदावतो, म्हणून हळद जास्त पोचते. पण यकृताला हळद काय नि तुमची गोळी काय! मिरीनं गोळीही रक्तात जास्त जाते आणि बाहेर पडायला वेळ लावते. एरवी फरक थोडाच पडतो. तुमचा डोस मुळात काठावरचा, आणि या गोळीचं असं आहे की काठावर थोडं वाढलं की एकदम उतू जातं."

आजची गोळी घ्यायची नाही, उद्यापासून ठरल्याप्रमाणे. काही दिवसांनी पुन्हा रक्त तपासायचं. मिरीचं दूध बंद, भाजी-आमटीतली रोजची मिरी चालेल. "आणि गोळी मनानं सोडायची नाही," त्यांनी बजावलं. "एकदम सुटली तर मोठी फिट येऊ शकते."

कोमलनं घरी जाऊन मिरी नको म्हणून पाहिलं. भीमाबाई हसल्या. "मिरीबिगर हळद म्हंजे फुकट ग पोरी!" कोमलनं ग्लास रिकामा केला.

दुसऱ्या संध्याकाळी ती आलीच नाही. तिसऱ्याही नाही. मी जिन्यात गाठलं तर म्हणाली, "आता बरं वाटतंय ताई. दूध सोडता येत नाय. गोळी सोडता येते."

वरून कपाटातली गोळी घेऊन मी तशीच तिच्यामागोमाग खाली गेले. भीमाबाई ग्लास घेऊन उभ्याच होत्या. मी काही बोलणार तोच कोमलनं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "आई, मला फिट येतात. लहानपनापासून. गोळी चालू हाय, तिच्यावर मिरी चालत नाय."

भीमाबाई खाली बसल्या. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार, व्याह्यांना फोन जाणार. त्या उठल्या, दूध मोरीत ओतलं, ग्लास घासला. दुसरं दूध तापवून त्यात चिमूटभर हळद टाकली, नुसती. माझ्या हातातली गोळी घेऊन सुनेच्या तळव्यावर ठेवली आणि ती गिळेपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

हायसं वाटून मला रडूच आलं. तेवढ्यात खाली मोटरसायकल थांबली. भीमाबाईंनी घाईघाईनं गोळीचा कागद कमरेला खोचला.

"कल्पेशला कळता कामा नाय," त्या सुनेला म्हणाल्या. "माजा पोरगा हाय, मी वलखते त्याला. तो तुला ठेवनार नाय."

कोमलनं पिवळं दूध उचललं आणि दार उघडण्याआधी पिऊन टाकलं.