हौसाआत्याच्या जागी फ्रीजर

रहिमतपूरच्या स्टँडजवळ भाऊसो शेडग्यांचं किराणा दुकान. दुकानात दोनच माणसं. गल्ल्यावर भाऊसो आणि दाराशी, तराजूपाशी त्यांची विधवा बहीण हौसा. डाळ-तांदूळ ती तोलायची, पुड्या ती बांधायची, शटर तीच उघडायची. भाऊसो तिला महिन्याला तीन हजार द्यायचे आणि ते देताना चारचौघांत मोजून द्यायचे.

त्यांची मुलगी संयोगिता साताऱ्यात एका सीएच्या ऑफिसात अकाउंटंट होती. फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती घरी आली, तर भाऊसोंनी, म्हणजे तिच्या अण्णांनी, तिला थेट दुकानातच बोलावून घेतलं. काचेच्या झाकणाचा आइस्क्रीमचा फ्रीजर घ्यायचा त्यांच्या डोक्यात होता. समोरच्या बेकरीवाल्यानं घेतला होता, हे खरं कारण. आत्या पलीकडं शेंगदाणे निवडत होती.

"स्टॅबिलायझर धरून छत्तीस हजार. कवा फिटंल ते सांग," अण्णा म्हणाले.

"रोजचा खप किती धरता?"

"उन्हाळ्यात सातशे तरी."

"शंभराला वीस सुटतात. म्हणजे रोजचे एकशे चाळीस, महिन्याला चार हजार दोनशे. आपला मीटर कमर्शियल, बिल पंधराशेनं वाढेल. राहिले सत्तावीसशे, तेही चारच महिने. पावसाळ्यात बंद ठेवावा लागेल, नाहीतर लाइटबिल खिशातून जाईल."

"मग?"

"वर्षाला दहा-अकरा हजार. लाइट गेली आणि माल पाघळला की तो आपल्याच माथी. चार उन्हाळे धरा अण्णा. त्यापेक्षा कंपनीचा फ्रीजर डिपॉझिटवर घ्या."

"त्यात त्यांचाच माल ठिवायचा? दुकान माझं हाय." अण्णांनी बाहेर पाहिलं. "आन् खर्चातनं महिन्याचे तीन हजार कमी झाले तर?"

आकडा ऐकला की संयोगिताचं डोकं आपोआप चालू व्हायचं. "मग वर्षाच्या आतच फिटेल," ती म्हणून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं, तीन हजार कुणाचे ते.

शेंगदाण्यांचा आवाज थांबला होता.

"अण्णा, तसं नाही धरता येत," ती घाईघाईनं म्हणाली. "पगार वाचला तर ती फ्रीजरची कमाई नव्हे. फ्रीजर नसला तरी ते पैसे वाचतीलच की. हिशोबात ती गोष्टच वेगळी."

अण्णा हसले. "म्हंजे फ्रीजर न्हाई घेतला तरी हिला ठिवण्यात तोटाच हाय म्हण की! लय बेस बोललीस. शिकवल्याचं सार्थक झालं." मग त्यांनी मान वळवली. "ऐकलंस का हौसे? मी न्हाई, तुझी भाची म्हणतीया. तसाबी फ्रीजर तू बसतीस तिथंच बसणार."

"मी असं म्हटलेलं नाही!"

"मग सांग, हिशोबात चूक कुठं हाय?"

हिशोबात चूक नव्हती. संयोगितानं अण्णांना विनवलं, आवाज चढवला, मग रडली. गिऱ्हाइकांसमोर तमाशा करू नकोस, एवढंच ते म्हणाले. आत्यानं निवडलेले दाणे डब्यात ओतले, झाकण लावलं आणि हात पदराला पुसले. एक गिऱ्हाईक साखर मागत होतं. तिनं त्याला साखर तोलून दिली आणि मगच ती उठली.

मार्चात फ्रीजर आला. आत्या शिरवळला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासायला लागली. तिथंच बायकांच्या खोलीत राहायची. दुकानात तोलायला माणूस तर हवंच होतं. अण्णांनी संयोगिताच्या आईला आणून बसवलं. आईचे गुडघे धरलेले. उभं राहताना ती कण्हली की अण्णा म्हणायचे, "गिऱ्हाइकांपुढं कण्हू नगंस. हौसा कवा कण्हत न्हवती."

"आईला काय देता?" संयोगितानं एकदा विचारलं.

"घरच्या माणसाला कसलं द्यायचं?" अण्णांना प्रश्नच कळला नाही.

आइस्क्रीम सातशेचं कधीच खपलं नाही. जूनमध्ये अण्णांनी प्लग काढला, फ्रीजरवर गोणपाट टाकलं आणि त्याविषयी कुणी बोललेलं त्यांना चालेना.

आत्या संयोगिताचा फोन उचलत नसे. संयोगितानं पाठवलेले पैसेही तिनं दोनदा परत केले. पावसाळ्यात एकदा तिनं फोन उचलला. मागं भांड्यांचा खणखणाट चालला होता.

"आत्या, माझं चुकलं गं."

"तुझं काय चुकलं? तुझा हिशोब बराबर व्हता," आत्या म्हणाली. आवाजात राग नव्हता. "बारा वर्सं मला वाटायचं, माझ्यामुळं दुकान चालतंय. कुणी सांगितलंच न्हाई. तू सांगितलंस."

"तसं नव्हतं गं..."

"ठिवते. मुकादम बगतोय."

त्यानंतर आत्यानं नंबर बदलला. नवा नंबर अण्णांकडं होता. त्यांनी तो संयोगिताला दिला नाही.